क्वेर्सेटिन शिंक का अडवत नाही

*डॉक्टर मॅडम, मी नाशिकची, वय ३६, शाळेत शिकवते. चार वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका येतात, नाक गळतं, आणि महिन्यातून दोन-तीनदा अंगावर पित्त उठतं. सेट्रिझिन घेतलं की दुसऱ्या तासाला वर्गातच डोळे मिटायला लागतात. अमेरिकेतल्या वहिनींनी क्वेर्सेटिन या कांद्यातही असणाऱ्या द्रव्याच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल पाठवल्या, त्यात अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइमही आहे. 'नैसर्गिक अँटिहिस्टामिन' म्हणतात त्याला. पहिले दोन आठवडे बरं वाटलं. आता दीड महिना झाला, शिंका आहेत तशाच. परवा पित्त उठलं तेव्हा एकदम दोन घेतल्या, काही उपयोग झाला नाही. डोस वाढवू का? की रोज कच्चा कांदा खाऊ? वडीलही घ्यायचं म्हणतात. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन सुरू आहे.*

ताई, आधी वडिलांचं. त्यांना ही कॅप्सूल देऊ नका. वॉरफरिन रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि क्वेर्सेटिन त्या प्रथिनाच्या नेमक्या त्याच जागेवर बसतं. शिवाय यकृतातलं जे एन्झाइम वॉरफरिनचा निपटारा करतं, त्यालाही ते प्रयोगशाळेत अडवताना दिसतं. वर ब्रोमेलेन रक्त गोठण्यात ढवळाढवळ करू शकतं. झडपेच्या माणसाचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचं मोजमाप, आधीच दोरीवरची कसरत असते, त्यात ही भर नको. चार-दोन गोळ्या पोटात गेल्याच असतील तर या आठवड्यात आयएनआर करून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगा.

आता तुमचं. 'नैसर्गिक अँटिहिस्टामिन' या दोन शब्दांतला दुसरा शब्द चुकला आहे, आणि तुमचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मी बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. तेव्हा आमच्या प्रॅक्टिकलला दोन टेबलं असायची. पहिल्या टेबलावर रॅटच्या आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा काचपट्टीवर पसरलेला. तो टोल्युइडीन ब्लू या रंगाने रंगवला की पारदर्शक पडद्यावर जांभळ्या बोरांसारख्या मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जी सुरू करणाऱ्या पेशी, उठून दिसायच्या. प्रत्येक पेशी कणांनी गच्च भरलेली, आणि त्या कणांत हिस्टामिन, म्हणजे शिंका आणि गांध्या आणणारं रसायन. दुसऱ्या पट्टीवरच्या पडद्यावर रंगवण्याआधी पेशींना डिवचणारं रसायन घातलेलं असे. तिथे पेशींच्या कडा फाटलेल्या, आणि भोवती जांभळे कण पोत्यातून सांडलेल्या मोहरीसारखे विखुरलेले. मुलांनी शंभर पेशी मोजायच्या आणि त्यातल्या किती फुटल्या ते लिहायचं. तिसऱ्या पट्टीवर आधी क्रोमोग्लायकेट हे अ‍ॅलर्जीचं औषध आणि मग ते डिवचणारं रसायन. तिथे फुटलेल्या पेशी कमी. याला म्हणतात मास्ट पेशी स्थिर करणं. पोतं फाटूच द्यायचं नाही.

दुसऱ्या टेबलावर गिनीपिगच्या आतड्याचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, कोमट द्रावणात टांगलेला, दोऱ्याने एका काडीला बांधलेला, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर टेकलेलं. द्रावणात हिस्टामिनचा थेंब टाकला की तुकडा आखडायचा आणि काजळीवर उभी पांढरी रेघ उमटायची. मग मेपिरामिन हे जुनं अँटिहिस्टामिन नखभर टाकून पुन्हा हिस्टामिन टाकलं, की रेघ जेमतेम हलायची. हिस्टामिन तिथेच होतं, पण ते ज्या कुलपात बसतं त्या एच-१ ग्राहीवर दुसरंच कुणी जाऊन बसलं होतं.

अँटिहिस्टामिन म्हणजे हे दुसरं टेबल. सेट्रिझिन पोत्याला हातही लावत नाही. मोहरी सांडून गेली तरी ते नाकातल्या नसांवर आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवर हिस्टामिनला बसायला जागा देत नाही. क्वेर्सेटिनबद्दल जे काही खरं आहे ते पहिल्या टेबलावरचं आहे. त्यामुळे पित्त उठल्यावर दोन कॅप्सूल घेऊन काही झालं नाही यात कॅप्सूलचा दोष नाही. गांध्या अंगावर दिसू लागल्या तेव्हा पोतं फाटून दहा-पंधरा मिनिटं होऊन गेली होती. क्वेर्सेटिनने त्या क्षणी काय करावं अशी अपेक्षा होती?

पहिल्या टेबलावर मात्र त्याची कामगिरी खरोखर चांगली आहे, तेवढं श्रेय द्यायला हवं. १९७७ साली लंडनच्या फ्यूट्रेल आणि गोम्पर्ट्स या दोघांनी रॅटच्या मास्ट पेशींवर दाखवलं, की क्वेर्सेटिन असेल तर त्या हिस्टामिन कमी सोडतात. कसं, याचं चित्र नंतर हळूहळू भरत गेलं. मास्ट पेशीच्या अंगावर आयजीई नावाच्या अँटिबॉडी अँटेनासारख्या उभ्या असतात. धुळीतल्या किड्याचं प्रथिन दोन अँटेनांना एकदम चिकटलं की आत लिन आणि सिक ही एन्झाइमं जागी होतात. त्यांचं काम एकच, पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारायचा. शिक्क्यावरून शिक्का असं करत निरोप आत जातो, शेवटी पेशीत कॅल्शियम घुसतं आणि कण बाहेर फेकले जातात. हा शिक्का मारायला एन्झाइमला एटीपी हा फॉस्फेट पुरवणारा रेणू लागतो, आणि एटीपी बसण्याच्या खोबणीत क्वेर्सेटिनचा चपटा रेणू छान मावतो. खोबण अडली की निरोप मध्येच तुटतो. ही कल्पना हवेतली नाही. पीआय-३ कायनेज नावाचं अशाच जातीचं एक एन्झाइम आहे, त्याला अडवणारं प्रयोगशाळेतलं एक प्रसिद्ध रसायन एका औषध कंपनीने क्वेर्सेटिनचाच साचा समोर ठेवून बनवलं होतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू ऐका. एटीपीची खोबण शरीरातल्या शेकडो एन्झाइमांना असते. क्वेर्सेटिन त्यातल्या बऱ्याच खोबणींत थोडं थोडं बसतं, एकीतही घट्ट बसत नाही. म्हणून परिणाम दिसायला ते भरपूर लागतं. औषध शोधणारी मंडळी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहतात, कारण कुठल्याही चाचणीत टाका, ते काहीतरी करून दाखवतंच.

इथून पुढचा भाग हिशोबाचा आहे, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. तुम्ही शिक्षिका आहात, आकडेमोडीला घाबरणार नाही असं धरून चालते.

काचेच्या बशीत मास्ट पेशी शांत करायला क्वेर्सेटिन साधारण १० मायक्रोमोलर तरी लागतं. ग्रॅममध्ये सांगायचं तर लिटरला ३ मिलिग्रॅम. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने माणसाच्या मास्ट पेशींवर एक काम केलं. क्वेर्सेटिन क्रोमोग्लायकेटपेक्षा सरस ठरलं म्हणून त्याचा आजही दाखला दिला जातो. त्यात बशीत होतं १०० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम. आता तुमच्या कॅप्सूलकडे या. ५०० मिलिग्रॅम गिळल्यावर रक्तात क्वेर्सेटिनची सगळी रूपं मिळून बहुतेक वेळा १ मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली सापडतात. बशीतल्या किमान मात्रेचा हा दहावा भाग, आणि टफ्ट्सच्या मात्रेचा शंभरावा.

तेही 'सगळी रूपं मिळून'. बशीत जे टाकलं होतं ते शुद्ध, मोकळं क्वेर्सेटिन होतं. रक्तात ते जवळजवळ नसतंच. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आणि त्यांच्यामागे यकृत, दोघंही त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल यांचं शेपूट जोडून देतात, म्हणजे ते पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जावं. शेपूट लागलेला रेणू पेशीच्या आत सहज शिरत नाही, आणि शिरला तरी खोबणीत पूर्वीसारखा बसेलच असं नाही. जे थोडं मोकळं उरतं त्यातलंही नव्व्याण्णव टक्के मघाच्या त्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं. बशीत अल्ब्युमिन फारसं नसतं, हे प्रयोगाचं कौतुक करताना सांगायचं राहून जातं.

याच्या शेजारी तुमची सेट्रिझिनची गोळी ठेवा. अवघी १० मिलिग्रॅम. तासाभरात रक्तात लिटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅम होते. त्यातलं ९३ टक्के प्रथिनांना चिकटलेलं धरून सोडून द्या. उरतं ०.०२ मिलिग्रॅम. निम्मी एच-१ कुलपं अडवायला लागतं साधारण ०.००२ मिलिग्रॅम. म्हणजे गरजेच्या दहापट माल मोकळा हिंडतोय, तोही पन्नासपट लहान गोळीतून. क्वेर्सेटिनचं गणित याच्या बरोबर उलटं. गरज मोठी आणि पोच तुटपुंजी.

मग डोस वाढवला तर? हा प्रयोग होऊन गेला आहे. १९७५ मध्ये जर्मनीत गुग्लर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एकदम ४ ग्रॅम क्वेर्सेटिन तोंडाने दिलं, म्हणजे तुमच्या आठ कॅप्सूल एका दमात. त्यांच्या रक्तात मूळ रूपातलं क्वेर्सेटिन सापडलं नाही, लघवीतही नाही. शेपूट लावणाऱ्या यंत्रणेची ताकद कॅप्सूलपेक्षा फार मोठी आहे. तिला दमवायला जाऊ नका. शिवाय क्वेर्सेटिनची पिवळी पूड पाण्यात विरघळत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने प्रॅक्टिकलसाठी ती मागवली होती. पाण्यात टाकली तर हळदीसारखी वर तरंगत राहिली, शेवटी डीएमएसओ या प्रयोगशाळेतल्या द्रावकात विरघळवावी लागली. पोटात डीएमएसओ नसतं. कॅप्सूलमधला मोठा हिस्सा तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. सोबतच्या ब्रोमेलेनने शोषण वाढतं म्हणतात, त्याला धड पुरावा नाही.

कांद्याचा मुद्दा तुम्ही सहज विचारलात, पण त्यात एक गंमत आहे. कांद्यात क्वेर्सेटिन साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं, आणि लहान आतड्यातलं एन्झाइम ती साखर तोडून ते पेशीला अगदी दारात आणून देतं. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये होलमन यांच्या गटाने मोठं आतडं काढलेल्या माणसांवर मोजलं, तेव्हा कांद्यातलं सुमारे ५२ टक्के शोषलं गेलं आणि नुसत्या पुडीतलं २४ टक्के. म्हणजे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावलात तर लासलगावच्या कांद्यापुढे अमेरिकेची कॅप्सूल फिकी. पण शंभर ग्रॅम कांद्यात असतं वीस ते पन्नास मिलिग्रॅम, त्यातलं बरंचसं बाहेरच्या पापुद्र्यांत, जे आपण सोलून टाकतो. आणि शोषलं गेल्यावर शेपूट लागायचं ते लागतंच. कांदा भाकरीबरोबर आवडतो म्हणून खा. शिंकांवर इलाज म्हणून वर्गात वास घेऊन जाऊ नका.

इथे क्रोमोग्लायकेटची आठवण होते, कारण हे दोघे रचनेने दूरचे भाऊ आहेत. खेल्ला नावाच्या ओव्याच्या कुळातल्या झाडापासून मिळणाऱ्या द्रव्यावरून ते घडवलं गेलं. रॉजर अल्तून्यान या दमेकरी डॉक्टरने १९६०च्या दशकात स्वतःलाच अ‍ॅलर्जीचा झटका आणून आणून त्याची चाचणी केली. गिळलं तर तेही एक टक्क्याच्या आसपासच शोषलं जातं. फरक इतकाच, की त्याचं शोषण होत नाही हे ओळखून लोकांनी ते गिळायचंच सोडलं आणि थेट नाकात, डोळ्यांत, छातीत फवारलं. जिथे पोती आहेत तिथेच पहारा बसवला. तरीही ते दिवसातून चार वेळा, आणि त्रासाचा मोसम सुरू होण्याच्या आधीपासून घ्यावं लागतं. मास्ट पेशी स्थिर करणाऱ्या कुठल्याही औषधाची ही अट असते. शिंक आल्यावर धावत जाऊन घेण्यात अर्थ नसतो.

मग कुणालाच फायदा झाला नाही का? जपानमध्ये सीडरच्या परागांनी लोक हैराण होतात. तिथे साखर जोडून विरघळणारं केलेलं क्वेर्सेटिनचं रूप मोसमाच्या आधीपासून आठ आठवडे रोज देऊन पाहिलं. डोळ्यांची खाज आणि पाणी येणं थोडं कमी झालं, पण नाकावर तितका फरक पडला नाही. चाचण्या लहान, वीस-पंचवीस माणसांच्या. सूज असलेल्या जागी शेपूट पुन्हा तुटून मोकळं क्वेर्सेटिन सुटत असावं, अशी एक शक्यता मांडली जाते आणि ती विचार करण्यासारखी आहे. पण तुमच्या कॅप्सूलमध्ये आहे ती साधी पूड, आणि तुमचं दुखणं आहे बारमाही. त्या चाचण्यांचा आधार तुमच्या बाटलीला देता येत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांचं काय, हे तुमच्या मनात असणार. माणूस नवं औषध घेतो ते त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेला त्रास बहुतेक वेळा आपोआप खाली येतो. त्याच पंधरवड्यात गाद्या उन्हात टाकल्या होत्या का, उशीचे अभ्रे बदलले होते का, पाऊस थांबून घरातली ओल गेली होती का, आठवून पाहा. खात्री करायची असेल तर कॅप्सूल बंद करा आणि वहीत रोज सकाळी फक्त शिंकांचा आकडा लिहा. दोन आठवडे. आकडा वाढला नाही तर उत्तर मिळालं.

आता करायचं काय. तुमची तक्रार मुळात सेट्रिझिनच्या गुंगीची आहे, आणि तिच्यावर सरळ उपाय आहे. फेक्सोफेनाडीन किंवा बिलास्टिन मेंदूत फारसं शिरत नाहीत, तुमच्या डॉक्टरांना त्यांबद्दल विचारा. दोन्ही साध्या पाण्याबरोबर घ्यायची. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर शोषण घटतं आणि मग 'ही गोळी लागू पडत नाही' अशी तक्रार येते. बिलास्टिन रिकाम्या पोटी. रोज सकाळी शिंका असतील तर अँटिहिस्टामिनपेक्षा नाकातला स्टिरॉइड फवारा जास्त कामाचा, विशेषतः नाक चोंदत असेल तर. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो आणि रक्त येत नाही.

पित्त उठतं त्या दिवशी आधीच्या काही तासांत अंगदुखीची किंवा डोकेदुखीची गोळी घेतली होती का, तेही वहीत लिहा. गांध्यांवर आमसुलाचं पाणी लावायचं तर लावा, थंड वाटतं. पण ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर घरात काहीही गिळत बसू नका. त्या वेळी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, आणि त्यासाठी दवाखाना गाठायचा असतो.

त्वचेवर टोचून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी एकदा करून घ्या. तिथे धुळीच्या, परागांच्या थेंबांशेजारी एक थेंब निव्वळ हिस्टामिनचाही टोचतात. पंधरा मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी गांधी यायलाच हवी. सेट्रिझिन पोटात असेल तर ती येत नाही आणि तपासणी वाया जाते, म्हणून ते आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. त्या थेंबाकडे नीट पाहा. तिथे हिस्टामिन सुईनेच आत गेलेलं असतं, मास्ट पेशीचा संबंधच नसतो. पेशींवर पहारा करणाऱ्या औषधाला ती गांधी थोपवता येत नाही, मग ते क्रोमोग्लायकेट असो की तुमच्या वहिनींची कॅप्सूल. तरीही जाताना बाटली सोबत न्या आणि काय काय घेता ते तपासणाऱ्याला दाखवा.